बारा पानांचे गुण

मी आयुष्यभर मुलांना चित्रं काढायला शिकवलं आणि मला स्वतःला घोडा काढता येत नाही. घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे. भाचरं जमली की कागद पुढे सरकवतात, "मामा, घोडा काढा." मी काढतो. मग त्यातलं एखादं फार सभ्यपणानं म्हणतं, "शेळी चांगली जमली." अशा माणसानं सतरा वर्षं दुसऱ्यांच्या पोरांच्या चित्रांना गुण दिले. ते कसे दिले, हे आजवर मी कुणाला नीट सांगितलं नव्हतं. एका वर्षीचं मात्र सांगतो.

तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि मी भीमेकाठच्या एका तालुक्याच्या गावी सरकारी मदरशात, म्हणजे शाळेत, ड्रॉइंग मास्तर होतो. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथली माझी मुलं आता मोठमोठ्या खुर्च्यांवर बसली आहेत आणि त्यांना माझा पत्ता माहीत आहे. मदरशात शिकवणं उर्दूतून. मुलं घरी मराठी बोलणारी, कानडी बोलणारी, दखनी बोलणारी, आणि मधल्या सुट्टीत भांडताना तिन्ही. ड्रॉइंगच्या तासाला भाषा लागत नाही म्हणून तो तास सगळ्यांना आवडायचा. मास्तराला फारसं काही येत नाही हे लक्षात आल्यावर तो जास्तच आवडायला लागला.

गुण द्यायची जुनी रीत अशी. तिवईवर तांब्या ठेवायचा, मुलांनी तो काढायचा. मी वर्गातून हात मागे बांधून फिरायचो. मग घरी कागद नेऊन ज्याचा तांब्या तांब्यासारखा दिसेल त्याला जास्त गुण, ज्याचा दुधीभोपळ्यासारखा दिसेल त्याला कमी. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मलाही नाही. पण एका वर्षी गुणांची यादी हरवली. घर पालथं घातलं, मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी यादी द्यायची होती, म्हणून तेच कागद पुन्हा काढले आणि पुन्हा गुण दिले. ती यादी सदरसाहेबांकडे, म्हणजे मुख्याध्यापकांकडे, दिली. आठ दिवसांनी बायकोनं ज्वारीच्या कणगीमागून पहिली यादी झाडूनं बाहेर काढली.

मी सहज म्हणून दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या. एकाच पोराच्या एकाच तांब्याला मी एकदा सतरा दिले होते आणि एकदा नऊ. एका कुंभाराच्या पोराला आधी अकरा आणि मग एकवीस. तीस-पस्तीस नावांत फक्त चार ठिकाणी आकडे जुळत होते, आणि त्यातली दोन मुलं परीक्षेला आलीच नव्हती.

मी त्या दिवशी जेवलो नाही. बायको म्हणाली, "कामून जेवनाव? यादी तर सापडली की."

"सापडली म्हणूनच," मी म्हटलं.

त्यानंतर मला धास्तीच बसली. गुण लिहायला बोरू उचलला की वाटायचं, हाच कागद मी उद्या पाहिला तर काय देईन? पोट भरलेलं असताना काय देईन? ऊन असताना काय देईन? गणिताच्या मास्तराला असलं काही होत नाही. सात साते एकोणपन्नास, मग तो उपाशी असो वा तुपात. चित्राला उत्तरच नसतं, तर मग मी तपासत काय होतो? सहा महिने डोकं खाजवून मी जे ठरवलं ते आता सांगायला सोपं वाटतं. मुलानं काढलेली वस्तू एकटी बघायची नाही. तिथवर तो कसा आला ते बघायचं. त्यानं काय करून पाहिलं, कुठं अडला, अडल्यावर पळाला की पुन्हा त्याच जागी गेला, आणि आपण काय केलं हे त्याला स्वतःला सांगता येतं का. एका मुलाचं दुसऱ्याशी ताडून बघायचं नाही, त्याचं त्याच्याच सुरुवातीशी ताडून बघायचं.

सदरसाहेब उंच, बारीक, पांढऱ्या दाढीचे, फार सभ्य गृहस्थ. मराठी स्वच्छ बोलायचे, फक्त रागावल्यावर त्यांना मराठी येत नसे. मी माझी योजना मांडली तेव्हा ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

"मास्टर साब, मेहनतीला गुण देणार म्हणता. मेहनत दिसते कशी?"

मी सांगितलं. प्रत्येक मुलानं घरातली हलती, चालती एक वस्तू निवडायची. आठवड्याला एक पान, अशी बारा पानं तीच वस्तू काढायची. खोडायचं काही नाही, फाडायचं काही नाही. जे बिघडलं ते तसंच ठेवायचं, कारण गुण त्यालाही आहेत. शेवटच्या चित्राला फक्त दहा. पानागणिक काय बदललं त्याला पंधरा. किती वेळा अडून पुन्हा प्रयत्न केला त्याला पंधरा. मुलानं स्वतः उभं राहून आपल्या कामाबद्दल जे सांगायचं त्याला दहा. एकूण पन्नास. आणि हे सगळं मुलांना पहिल्या दिवशीच सांगायचं, नंतर बदलायचं नाही.

"मुलगा लबाड असेल तर?"

"लबाडी बारा पानं टिकत नाही, साहेब," मी मोठ्या ऐटीत म्हटलं. या वाक्याचा मला पुढं फार त्रास झाला.

त्यांनी एका वर्षासाठी होकार दिला. अट एकच घातली. प्रत्येक गुणाच्या पुढं कारण लिहायचं, एका ओळीत. आणि त्या वर्षी त्यांनी आपल्या मदरशापुरता एक नियम केला होता, तो इथं सांगायला हवा. एका विषयात नापास झालेल्या मुलाला ड्रॉइंगमध्ये निम्मे गुण असतील तर वर चढवायचं. आणि एकाच वर्गात दोनदा नापास झालेल्याचं नाव पटावरून कमी करायचं. पहिला नियम ऐकून मला अभिमान वाटला होता. दुसऱ्याकडे मी लक्ष दिलं नाही.

लढाईचे दिवस होते, कागद मिळत नव्हता. मुलांनी जुन्या बदामी कागदांची पानं कापून सुतळीनं शिवून वह्या केल्या. दोन्हीकडून कोरा पुठ्ठा, नावाची चिठ्ठी सुतळीला बांधलेली. वहीआधी सरावाला दिलेल्या सुट्या पानांवर मी तारीख घालायला सांगितली होती. पण हे राज्य तीन पंचांगांचं. एकानं फसली महिना घातला, एकानं चांद पाहून तारीख घातली, एकानं वद्य अष्टमी लिहिली आणि एकानं 'बाजाराचा दिवस'. ती मोडी, उर्दू, कानडी लगडलेली पानं बघून माझं डोकं फिरलं. म्हटलं, वहीत तारखा बंद. चित्र काढा फक्त. पानं तर आपल्या क्रमानंच आहेत, त्यांना तारीख कशाला?

मला वाटतं आयुष्यात मी इतकं सुटसुटीत काम दुसरं कुठलंच केलं नाही.

आता तो मुलगा. करजगीकडच्या एका खेड्यातल्या शेतकऱ्याचा. इथं गावात थोरल्या बहिणीच्या घरी राहून शिकत होता. अंगानं बारीक, आवाज घोगरा, प्रश्न विचारला की आधी खिडकीकडे बघणार. आदल्या वर्षी याच वर्गात नापास झाला होता, आणि या वर्षीही गणितानं त्याला आडवं केलं होतं. म्हणजे हिशेब सरळ होता. ड्रॉइंगमध्ये पंचवीस मिळाले तर तो वर जाणार होता, नाही मिळाले तर त्याचं नाव कमी होऊन तो गावाकडे जाणार होता. हे त्याला माहीत होतं आणि मलाही.

वह्या तपासायला मी तीन दिवस घेतले. पहिली अक्षरं उर्दूत गिरवलेली मुलं वही उजवीकडून उघडतात, मराठी-कानडीत गिरवलेली डावीकडून. हे मला माहीत नसेल का? माझ्याइतकं हे कुणाला माहीत असेल? म्हणून मी सुरुवातीलाच वह्यांचे दोन ढीग केले, नावं बघून. मुसलमानांच्या मुलांचा ढीग उजवीकडून वाचायचा, बाकीच्यांचा डावीकडून. बायको म्हणाली, "लई डोकं लावायलाव या वर्षी." मला बरं वाटलं.

त्या मुलानं जातं काढलं होतं. मी डावीकडून उघडलं. पहिल्याच पानावर मी थबकलो. जात्याचा वरचा दगड खालच्यावर बसलेला कळत होता, वजन कळत होतं, आणि खुंट्यावर एका बाईचा हात, मनगटभर बांगड्या, बोटं खुंट्यावर आवळलेली. हात काढणं काय असतं हे मला विचारा, मी हात नेहमी पाठीमागे लपवलेली माणसं काढतो. मी पान उलटलं. दुसऱ्या पानावर हात थोडा कच्चा. चौथ्यावर बोटं लाकडासारखी. सातव्यावर हात दाताळ्यासारखा, नुसते दात. शेवटच्या पानावर एकावर एक दोन गोल, नेमक्या टोपल्यातल्या भाकरी, आणि बाजूला एक काटकी.

मी काय समजायचं? मी समजलो की पहिली पानं दुसऱ्या कुणी काढून दिली. पुढं मदत संपली, आणि पोरानं आठवड्याचं पान कसंबसं उरकलं. मी कारणाच्या ओळीत लिहिलं, 'प्रगती उलट.' शेवटच्या चित्राला दोन, बदलाला दोन, मेहनतीला पाच.

सांगायच्या दिवशी तो उभा राहिला. वही माझ्या हातात होती, मी पहिलं पान उघडून बसलो होतो.

"सुरवातीला हात जमतच नव्हता मास्तर," तो खिडकीकडे बघत म्हणाला. "मग मी अक्काला म्हणलं, दळू नको, नुसता खुंटा धर. तर नुसता धरला की हात मेल्यावाणी दिसायचा. मग म्हणलं, दळ. तर हात दिसंनाच, लई भरभर. मग म्हणलं, जड दाणे घाल, म्हंजे हळू फिरल."

मी समोरच्या पानावरचा तो सुरेख हात बघत होतो. "सुरुवातीला हात जमत नव्हता?"

"न्हाई जमत."

"हा हात तू काढलास?"

"व्हय."

"खोटं बोलू नकोस," मी म्हटलं. सगळा वर्ग हसला. तो हसला नाही. खाली बसला. सांगण्याच्या दहा गुणांपुढं मी शून्य लिहिलं आणि कारण लिहिलं, 'असत्य'. एकूण नऊ.

सगळ्यांचं सांगून होईतो दोन दिवस गेले, मग यादी सदरसाहेबांकडे दिली. ती दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर लागायची होती.

त्याच दिवशी चारच्या सुमाराला मी ओसरीवर सुपारी कातरत बसलो होतो. एक बाई आली, डोक्यावर पदर, कडेवर लहान पोर. माझ्याकडे न बघता थेट बायकोला म्हणाली, "वैनी, मास्तर हायत का?"

"हे काय, समोरच बसल्यात," बायको म्हणाली. "दिसले न्हाईत व्हय?"

बाई त्या मुलाची बहीण. मी सुपारी खाली ठेवली. मनात तयारी केली की आता रडेल, गुण मागेल, आणि मी ठाम राहीन.

"मी गुण मागाया आले न्हाई," ती म्हणाली, जणू मी मोठ्यानं बोललो होतो. "पोरं म्हणत्यात, त्याचं नाव कमी होणार. तो दोन दिस झालं बोलंना. आमचे वडील, अण्णा, सोमवारी येऊन त्याला घेऊन जाणार. तर म्हणलं, ती वही तेवढी द्या. तो गेल्यावर घरात काय तरी राहील त्याच्या हातचं."

मी आत गेलो. वह्यांच्या ढिगातून तिची, म्हणजे त्याची, वही काढली. तिला वाचता येत नव्हतं. तिनं वही डावीकडून उघडली की उजवीकडून, तेही मला आठवत नाही. तिनं भराभर पानं चाळली आणि त्या सुरेख हाताच्या पानावर थांबली. पोराला म्हणाली, "बघ, आईचा हात."

मला राहवलं नाही म्हणून विचारलं, "हे पहिलं पान कुणी काढून दिलं त्याला? खरं सांगा. आता काय बिघडणार आहे."

"पहिलं?" ती म्हणाली. "पहिलं कामून? हे तर आत्ताचं हाय. ह्या बांगड्या बघा की." तिनं हात पुढे केला. मनगटभर हिरव्या बांगड्या, कोऱ्या करकरीत. "गेल्याच्या गेल्या बाजारी भरल्या मी. त्याच्या आधी हातात दोन होत्या, त्याबी पिचलेल्या. त्यानं मला सांगितलं, अक्का, भर, हात बरा दिसंल. दीर म्हणाले, भाऊ चितारी झालाय, आता बहिणीला नटवतोय."

मी तिच्या हातातून वही घेतली. दोन बांगड्यांचा हात सहाव्या पानावर होता. पाचव्यावरही. हातात दोन, मग मनगटभर. मनगटभरचा हात माझ्या पहिल्या पानावर.

"अक्का," मी म्हटलं, "तो वही कुठून उघडतो?"

तिला प्रश्न कळेना. मग तिनं ज्या हातानं पोराला धरलं होतं तोच हात थोडा हलवून दाखवला. उजवीकडून. "आमच्या गावात शाळा कुठली. दर्ग्यातले मौलवी पोरांना तख्तीवर शिकवायचे. हा तिथंच बसला दोन वर्षं. त्याचं तसंच बसलंय. वही असो, पोथी असो, तसंच उघडतो. सासूबाई म्हणतात, जेवायला तरी सरळ बसतो का."

बायको दारात उभी होती. तिनं माझं तोंड बघितलं आणि बाईला म्हणाली, "तुम्ही बसा, च्या करते." मला काही विचारलं नाही. तिला सवय होती, माझा चेहरा असा झाला की कणगीमागून काहीतरी निघालंय असं समजायची.

वही नंतर देतो म्हणून ठेवून घेतली आणि ती गेल्यावर पुन्हा वाचली, उजवीकडून. तीच बारा पानं. एकावर एक दोन गोल. मग गोलाला जाडी. मग काटकीच्या जागी दाताळं. मग मेल्यासारखा हात, अगदी तो म्हणाला तसा. मग सगळं पान रेघांनी भरलेलं, कारण हात फिरत होता आणि हा त्याच्यामागे धावत होता. मग हळू फिरणारा हात, आणि शेवटी तो. तो जे बोलला होता ते शब्दाशब्दानं पानांत होतं. मी ते ऐकलं होतं, आणि ऐकतानाच खोटं ठरवलं होतं.

आता काय करायचं? यादी सदरसाहेबांकडे गेलेली. गेलो तर माझी सगळी पद्धतच उलटी पडणार. ते म्हणतील, मास्टर साब, लबाडी बारा पानं टिकत नाही म्हणालात, आता बघा, तुमची किती टिकली. न गेलो तर पोरगा सोमवारी गावाकडे. हा प्रश्न इतका सोपा होता, तरी मी तास-दीड तास तो अवघड करायचा प्रयत्न करत बसलो. बायकोनं येऊन माझा फेटा समोर ठेवला.

सदरसाहेब घरी होते, मगरिबची, म्हणजे दिवेलागणीची, नमाज आटोपून बाहेर आले होते. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "क्या बोल रहे मास्टर साब, नाव देखके ढीग करे?"

मराठी गेली होती. मला कळलं.

"हौ साहेब."

"पोट्टे को एक बार पुछना नई था क्या? कां से शुरू करा करके?"

ते फेऱ्या मारायला लागले. थोड्या वेळानं मराठी परत आली. "एकाचंच उलटं वाचलं की आणखी?"

"ते माहीत नाही."

"मग यादी लागणार नाही. उद्या सगळ्या मुलांना वह्यांसकट बसवा. एकेकानं येऊन आपली वही आपणच उघडायची. तुम्ही हात लावायचा नाही."

रात्रभर मला झोप लागली असती तर मी माणूस नव्हे असं झालं असतं, म्हणून लागली नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात मुलं एकेक करून टेबलाशी आली. "जिथून सुरू केलंस तिथून उघड," एवढंच सदरसाहेब म्हणायचे. पाच वह्या माझ्या ढिगाविरुद्ध उघडल्या. तिघांना काही फरक पडला नाही, त्यांची बाराही पानं सारखीच वाईट होती. चौथा होता सदरसाहेबांचा स्वतःचा मुलगा. त्याला घरी लहानपणापासून इंग्रजीचे धडे होते, तो डावीकडून उघडायचा. मी त्याचा कबुतराचा पिंजरा उजवीकडून वाचला होता आणि 'फार सुंदर प्रगती' असं लिहून बेचाळीस दिले होते. खरं म्हणजे त्यानं पहिला पिंजरा झकास काढला होता आणि पुढं दर आठवड्याला एकेक गज कमी करत आणला होता. शेवटच्या पानावर तीन गज आणि एक नाराज कबुतर.

सदरसाहेबांनी वही दोनदा बघितली. मुलाला विचारलं, "गज का कमी झाले?"

"जल्दी होता अब्बा."

सदरसाहेब माझ्याकडे वळले. "पुन्हा गुण द्या. याच्या बापाशी मी बोलतो."

मी चोवीस दिले. त्यांनी कारणाची ओळ वाचली आणि पान उलटलं.

पाचवा तो. तो आला, वही उजवीकडून उघडली, आणि हात मागे घेऊन उभा राहिला. सदरसाहेबांनी त्याला पुन्हा सगळं सांगायला लावलं. त्यानं सांगितलं, पण या वेळी फार थोडं. जड दाणे घातल्याचं गाळलंच. मी आठवण करून दिली, "दाणे?" तेव्हा म्हणाला, "हां, दाणे."

त्याला बाहेर पाठवल्यावर मी बोरू उचलला. सदरसाहेबांनी तो हातातून घेतला. "तुम्ही आत्ता एकटे देऊ नका. तेव्हा तुमच्या मनात संशय होता, आज कणव आहे. दोन्हींचा गुणांशी संबंध नाही. तुम्ही वेगळ्या कागदावर द्या, मी वेगळ्यावर देतो."

आम्ही पाठीला पाठ लावून बसल्यासारखं लिहिलं. माझे झाले त्रेचाळीस, त्यांचे अडतीस. मग ताडून बघितलं. पानागणिक बदलाला मी तेरा, त्यांनी बारा. मेहनतीला मी बारा, त्यांनी तेरा. सांगण्याला दोघांनी नऊ. शेवटच्या चित्राला मात्र मी नऊ आणि त्यांनी चार.

"चार?" मला खरोखर लागलं. "साहेब, तो हात बघा."

"हात ठीक आहे. जातं वाकडं आहे."

"वाकडं नाही, फिरतंय."

"मला वाकडं दिसतं," ते म्हणाले. आम्ही त्यावर पाव तास भांडलो आणि दोघंही जागचे हललो नाही. शेवटी ते म्हणाले, "चित्रावर आपलं जमत नाही. बाकी तिन्हींवर जमलं. कमी तेच लिहा. तरी पोट्टा वर जातो." मी अडतीस लिहिले. समोर कारण लिहिलं. आधीची ओळ खोडायची नाही, असं त्यांनी बजावलं. 'असत्य' हा शब्द तिथं तसाच राहिला आणि त्याखाली मला लिहावं लागलं की तो माझा होता.

आणि पुढच्या वर्षापासून प्रत्येक पानावर एक, दोन, तीन असे आकडे, ज्याला जी येते त्या लिपीत. हे त्यांनी जाता जाता सांगितलं, मला आधी का सुचलं नाही हे मात्र विचारलं नाही. इतके ते सभ्य होते.

यादी दुपारी दारावर लागली. मुलं एकमेकांच्या खांद्यावर चढून वाचत होती. तो मागं उभा होता, त्याला कुणीतरी ओरडून सांगितलं. तो हसला वगैरे नाही. गर्दी ओसरली तसा माझ्याजवळ आला.

मला वाटलं मी आधी बोलावं. म्हटलं, "बाळा, मी तुझी वही उलटी वाचली. माझी चूक झाली."

"व्हय, अक्का म्हणली. म्हंजे मी त्या दिशी बोलायलो तवा तुम्हाला खरंच वाटलं मी लबाड बोलायलोय?"

"व्हय," मी म्हटलं. खोटं बोलायला जागा नव्हती.

तो या वेळी खिडकीकडे बघत नव्हता, तिथं खिडकी नव्हतीच. माझ्याकडे बघत होता. "मग मला इचारलं कामून न्हाई?"

मी सांगायला तोंड उघडलं. नावं बघून ढीग केले, दोन्ही लिप्या मला ठाऊक होत्या, तीन दिवस खपलो, असं काय काय ओठावर आलं. त्यातलं एकही त्याच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. सांगितलं असतं तर त्या सांगण्याला मीच शून्य दिलं असतं.

"सोमवारी अण्णा येतील तुला न्यायला," मी म्हटलं. "त्यांना इकडं घेऊन ये. मी सांगतो त्यांना."

"मीच सांगतो," तो म्हणाला, आणि घरी निघाला.